त्याच दिवशी बेड

सोमवार ते शुक्रवार मी अंधेरीच्या एमआयडीसीत बसून गाद्या विकते. म्हणजे हाताने नाही. गाद्यांच्या, उशांच्या आणि सणासुदीला मिक्सरच्या पानांना शीर्षकं देते. तुम्ही सर्चमध्ये काहीतरी टाइप करता, खाली निळ्या अक्षरांत एक ओळ येते आणि तिच्याखाली करड्या अक्षरांत दोन. निळी ओळ म्हणजे पानाचं शीर्षक, करडं ते वर्णन. माणूस त्या निळ्या ओळीवर बोट ठेवतो की पुढे सरकतो, एवढ्यावर माझा पगार निघतो. हे काम मला झकास जमतं आणि त्याचा मला भरपूर माज होता. आता थोडा उतरलाय, पण पुरता नाही.

शनिवारी मात्र मी मुलुंडला असते. आईचं हाड मोडलं तेव्हा तिथल्या एका केंद्रातून आम्ही वॉकर आणला होता. सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे, आणि त्यांत वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते असे हॉस्पिटलचे बेड. गरज असेल त्याने न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. केंद्र चालवतात त्या बाईंनी तीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा. वॉकर परत करायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू काय करतेस?" मी म्हटलं, "कम्प्युटरवर लिहायचं काम." त्या म्हणाल्या, "मग आमचं देणगीचं पान बघ जरा. कोणी येतच नाही तिकडे."

मी तिथेच फोन काढून सर्च केलं आणि मला हसू आवरेना. निळ्या ओळीत लिहिलं होतं, 'मुखपृष्ठ'. बस. वर्णन कोणी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून सर्च इंजिनने पानावरचं हाताला लागलं ते उचललं होतं: 'सर्व हक्क राखीव. कार्यालय दुपारी एक ते तीन बंद राहील.' देणगी मागणाऱ्या पानाने जगाला एवढंच सांगायचं ठरवलं होतं की आम्ही दुपारी झोपतो. मी सिस्टरना म्हटलं, हे माझ्यावर सोडा. दोन शनिवार द्या.

त्या दोन शनिवारांत आमची जी भांडणं झाली ती आठवली की अजून मजा येते. मी पहिलं शीर्षक नेलं, 'एक देणगी, एक जीव वाचवा.' सिस्टरनी चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढला.

"वॉकरने कोणाचा जीव वाचतो गं?"

"तसं नाही सिस्टर, एक भावना असते ना."

"वॉकरने माणूस संडासापर्यंत जातो. आपल्या पायांनी जातो. ती काय लहान गोष्ट आहे का? पण जीव नाही वाचत. जीव वाचवायला हॉस्पिटलात दुसरी माणसं बसलीत, त्यांचं पान वेगळं."

मग मी 'निराधारांचा आधार' नेलं. त्यावर त्या म्हणाल्या की आपल्याकडे येतात ते निराधार नसतात, त्यांच्या घरी पाच-पाच माणसं असतात आणि तरीही कमोडची खुर्ची घ्यायला पैसे नसतात किंवा ठेवायला जागा नसते. आणि तुझी आई निराधार होती का? खरं सांगायचं तर मला राग आला होता. फुकट काम करतेय आणि वर नखरे. पण कमोडच्या खुर्चीबद्दल साठेक अक्षरांत असं काहीतरी लिहायचं की चालत्या माणसाचं बोट थांबलं पाहिजे, हे गाद्यांपेक्षा कितीतरी अवघड होतं आणि अवघड कामाची मला खाज आहे.

शेवटी मला बेड सापडला. केंद्रातली तीच एक वस्तू अशी होती की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहायचं. हॉस्पिटलमधून सोडलेला माणूस, घरी वाट बघणारं कुटुंब, दारात टेम्पो. मागे एकदा एका घरी डिस्चार्जच्याच दिवशी बेड पोचला होता, हे सिस्टरनीच मला सांगितलं होतं. मी लिहिलं: 'हॉस्पिटलमधून घरी, त्याच दिवशी घरपोच बेड: तुमच्या देणगीतून'.

"त्याच दिवशी?" सिस्टर म्हणाल्या. "कुठल्या दिवशी? यादी असते गं बेडची. वॉकर, खुर्च्या देतो आपण त्याच दिवशी. बेड म्हणजे एका घरून सुटला तर दुसऱ्या घरी."

"पण एकदा झालंय ना तसं. खोटं नाहीये."

"मग 'शक्य असेल तेव्हा' लिही."

मी लिहिलं. ओळीच्या अगदी शेवटी लिहिलं. आता यातली गोम सांगायला हवी, कारण ती सिस्टरना माहीत नव्हती आणि मला होती. सर्चमध्ये शीर्षकाला रुंदी ठरलेली असते. मावेल तेवढं दिसतं, उरलेलं तीन टिंबांत जातं. मोबाइलवर देवनागरी तर आणखी लवकर कापली जाते. मी आमची ओळ माझ्या फोनवर तपासली होती. दिसत होतं ते एवढंच: 'हॉस्पिटलमधून घरी, त्याच दिवशी घरपोच बेड…' सिस्टरचं 'शक्य असेल तेव्हा' टिंबांच्या पलीकडे गेलं होतं, आणि देणगीही त्याच्यासोबत गेली होती. वर्णनात मी 'एका फोनवर' आणि 'आजच' हे दोन्ही शब्द बसवले होते. लिहिलेलं सगळं जागेवर होतं, फक्त दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, दिसत नसेल तर तो सर्च इंजिनचा प्रश्न.

दोन आठवड्यांत आकडे असे चढले की मी ऑफिसमधल्या मैत्रिणीला स्क्रीन दाखवली. पान दिसलं की लोक क्लिक करत होते, गाद्यांपेक्षा जास्त प्रमाणात. ती म्हणाली, "यार, तू तर वाट लावलीस सगळ्यांची." मी शनिवारी मुलुंडला रिपोर्ट छापून नेला. सिस्टरनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, देणग्या का नाही वाढल्या मग? मी म्हटलं, वेळ लागतो. त्या म्हणाल्या, फोन मात्र फार येतायत. मी म्हटलं, छानच की.

पुढच्याच शनिवारी सकाळी एक माणूस आला. चाळिशीचा असेल, शर्टाच्या खिशात हॉस्पिटलच्या कागदांची घडी. त्याने हसून नमस्कार केला आणि म्हणाला, "बेडचं विचारायचं होतं. टेम्पो तुमचा असतो की आम्ही बघायचा?"

सिस्टरनी विचारलं, कोणासाठी? वडिलांसाठी, तो म्हणाला. घरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं की घरी न्यायचं तर असा वर-खाली होणारा बेड लागेल. "आणखी दोन-तीन दिवस ठेवलं असतं त्यांनी. पण तुमचं पान वाचलं, मग म्हटलं कशाला थांबा. आजच डिस्चार्ज घेतला."

"मग वडील कुठे आहेत?"

त्याने मागे दाराकडे हात केला. गेटबाहेर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती.

सिस्टर तडक बाहेर गेल्या. मी त्या माणसाबरोबर आत राहिले. त्याने मला फोन दाखवला, तक्रार म्हणून नाही, आपण बरोबर ठिकाणी आलो ना हे विचारायला. निळी ओळ होती, तीन टिंबं होती. मला आयुष्यात इतकी लाज क्वचित वाटली असेल. ती ओळ मी लिहिली हे त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी त्याला पाणी दिलं.

सिस्टर परत आल्या आणि त्यांनी त्याला सरळ सांगितलं. बेड सगळे बाहेर आहेत. तुमच्या आधी तीन घरं थांबली आहेत. कधी मिळेल सांगता येणार नाही. पानावर चुकीचं लिहिलं गेलंय, ती आमची चूक. तो माणूस ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पण मी बाबांना सांगितलंय, संध्याकाळपर्यंत बेड येतोय म्हणून."

मी सिस्टरना कोपऱ्यात घेऊन टिंबांची गोम सांगितली. म्हटलं, पहिला बेड सुटेल तो यांना देऊ. आपल्यामुळे झालंय.

"आपल्यामुळे नाही, तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "आणि तुझी चूक झाकायला मी दुसऱ्याच्या आईचा बेड देऊ का?"

"मग ज्यांच्याकडे बेड आहेत त्यांना फोन करून विचारू, कोणाचं काम झालं असेल तर."

"बेड नेलेल्या घरी आपण फोन करत नाही. माहितीये तुला."

मला माहीत होतं. केंद्राचा हा पहिला नियम. बेड सुटतो तो दोनच कारणांनी, एकतर माणूस उठून चालायला लागतो किंवा जातो. फोन करून 'बेड मोकळा झाला का' असं विचारणं म्हणजे यातलं काय झालं ते विचारणं. कोणी गेलं असेल तर घरचे दिवस होईपर्यंत सिस्टर कुणाला हूं की चूं करत नाहीत, मग बेड रिकामा का पडून असेना. लोक आपणहून आणतात, पुसून, धुऊन. पण 'त्याच दिवशी' हे शब्द लिहिताना या सगळ्यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात टेम्पो होता.

मग सिस्टरच्या अंगात नर्स संचारली. हवेची गादी काढली, कमोडची उंच खुर्ची काढली, वॉकर काढला, आणि मला म्हणाल्या, चल. त्या माणसाचं घर मी राहते त्या नाहूरलाच निघालं, माझ्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर. एका खोलीत दिवाण होता, बुटका. ऑपरेशन झालेल्या खुब्याला बुटकं चालत नाही. सिस्टरनी मुलाला विटा आणायला पाठवलं आणि दिवाणाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा दिल्या. सुनेला शिकवलं, पायांमध्ये उशी ठेवून कसं वळवायचं, पाठीचा कुठला भाग रोज बघायचा, लाल दिसला तर काय करायचं. उशा रचून आजोबांना थोडं टेकून बसवलं. सगळं झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "ह्यो काय तो बेड?"

"नाही बाबा. तो येतोय."

मी त्याच संध्याकाळी घरी बसून पानाचं शीर्षक बदललं. साधं लिहिलं: 'रुग्णसाहित्य केंद्रासाठी देणगी'. आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच रिपोर्टमधला तो भाग उघडला जो मी ऑफिसात सगळ्यात आधी उघडते: लोक काय शोधून आले. मी त्यांना दाते समजत होते. त्यांनी टाइप केलं होतं, हॉस्पिटल बेड भाड्याने मुलुंड. पेशंट बेड मोफत भांडुप. बेड आज पाहिजे. एकापाठोपाठ एक असंच. देणगी द्यायला आलेलं कोणी शोधावं लागत होतं. ज्या क्लिकांची मी मिरवणूक काढली ती सगळी अडलेली माणसं होती, आणि मी त्यांना देणगीच्या फॉर्मसमोर आणून उभं केलं होतं. तिथून ती फोन नंबर शोधत होती आणि सिस्टरना फोन करत होती.

ओळ बदलली म्हणून जगात ती लगेच बदलत नाही, हेही मी दुसऱ्यांना शहाणपणाने सांगत आले होते. सर्च इंजिन पान पुन्हा वाचेपर्यंत जुनीच ओळ दाखवतं. मी पुन्हा वाचण्याची विनंती टाकली, तरी चार-पाच दिवस 'त्याच दिवशी घरपोच बेड' तसंच झळकत होतं. ते गेलं तर फॅमिली ग्रुपमध्ये फिरणाऱ्या लिंकखाली तेच शब्द निघाले, कारण तिथे दिसणारं शीर्षक वेगळ्या जागी लिहिलेलं असतं आणि ते बदलायचं मी विसरले होते. तेही बदललं. आधी पाठवलेल्या मेसेजमध्ये मात्र ते तसंच राहिलं. रोज दोन-तीन फोन येत होते, आणि सिस्टर प्रत्येकाला तेच सांगत होत्या, चुकीचं लिहिलं गेलं. कोणी लिहिलं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. त्याने मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

ऑफिस सुटलं की मी एक दिवसाआड आजोबांकडे जायचे. सून नोकरीवरून यायच्या आत त्यांना वळवायला आणखी दोन हात लागत. मी दारात दिसले की ते पहिलं एकच विचारत, "इलो काय गो बेड?" त्यांची पाठ मी दर खेपेला बघायचे. सहाव्या दिवशी माकडहाडाजवळ लालसर दिसलं तेव्हा मी लगेच सिस्टरना फोन केला. सिस्टर येऊन बघून गेल्या आणि दर दोन तासांनी वळवायला सांगून गेल्या. मी त्या रविवारी दिवसभर तिथेच होते. आजोबा गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमांच्या सेटवर सुतारकाम करायचे, हे तेव्हा कळलं. राजवाड्यांपासून पोलीस चौकीपर्यंत सगळं त्यांनी प्लायवूडमध्ये बांधलेलं. गप्पा मारायला एकदम भारी माणूस. त्या गप्पांतच मी त्यांना सांगून टाकलं की ते पान मी लिहिलंय. ते म्हणाले, "कूस बदल माझी."

यादीतल्या एका घरी बेड गेला. दुसऱ्याही घरी गेला. तिसऱ्या घरून फोन आला की आता नको. सिस्टरनी "बरं" म्हटलं, नावावर रेघ मारली, आणि थोडा वेळ पेन हातात धरून बसून राहिल्या. अकराव्या दिवशी घाटकोपरच्या एका घरचा बेड परत आला. तिथल्या आजी काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. बेडवर पेढ्यांचा पुडा ठेवला होता. तो बेड त्याच दुपारी नाहूरला गेला आणि मीही ऑफिसातून सुट्टी काढून टेम्पोतूनच गेले.

आजोबांना उचलून बेडवर ठेवलं. पाठ अजून लालच होती पण फुटली नव्हती. मुलाने दांडा फिरवला आणि त्यांचं डोकं हळूहळू वर आलं, खिडकीच्या रेषेत. त्यांनी बेडचे सांधे, बिजागऱ्या हाताने चाचपून पाहिल्या, सुतार पाहतो तशा. मग मला जवळ बोलावलं.

"आमी सेटार दरवाजे करू," ते म्हणाले. "कडी-कोयंडो सगळो खरो. उघडलो तर मागे काय नाय, दोन टेकण्यो. त्येका कोण खोटा म्हणी नाय. कित्याक, थय कोण रवाक येय नाय." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुज्या दारातसून माणसा रवाक येतत, गो."

सेटवरच्या दारात राहायला कोणी येत नसे, माझ्या दारातून माणसं राहायला येतात, हे ते रागाने बोलले नव्हते. कामातलं एक कसब दुसऱ्या कामवाल्याला सांगावं तसं बोलले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या शनिवारी मी आणि सिस्टरनी एकाची दोन पानं केली. बेड हवा असलेल्यांचं पान वेगळं, त्याचं शीर्षक: 'हॉस्पिटल बेड हवा आहे? डिस्चार्जआधी विचारा'. वर्णनात लिहिलं की वॉकर आणि खुर्च्या बहुधा त्याच दिवशी मिळतात, बेडसाठी यादी आहे, थांबावं लागतं, आधी फोन करा. देणगीच्या पानाचं शीर्षक: 'बेडची यादी लहान करा: देणगी द्या'. खाली वर्णन: 'आमच्याकडे बेड थोडे, थांबलेली घरं जास्त. तुमच्या देणगीतून नवा बेड येतो, तो एका वेळी एका घरी राहतो आणि मग पुढच्या घरी जातो.' महत्त्वाचं सगळं पहिल्या काही शब्दांत, टिंबांच्या अलीकडे. सिस्टरनी माझ्या फोनवर, त्यांच्या फोनवर आणि शेजारच्या वाण्याच्या फोनवर तपासून घेतलं. माझ्यावर आता त्यांचा भरवसा एवढाच होता आणि तो योग्य होता.

देणगीच्या पानाचे क्लिक धपकन पडले. आलेल्यांपैकी फॉर्मपर्यंत जाणारे मात्र पूर्वीपेक्षा जास्त. एक नवा बेड आला, दुसऱ्याचं चाललंय. इथे मोठा आकडा टाकला असता तर वाचायला छान वाटलं असतं, पण तेवढंच झालंय.

परवा सिस्टर जेवायला गेल्या होत्या तेव्हा केंद्रातला फोन मी घेतला. भांडुपहून एक मुलगी बोलत होती. आईला उद्या हॉस्पिटलमधून सोडतायत, म्हणाली, पानावर वाचलं की बेडसाठी थांबावं लागतं, म्हणून आधी विचारते. किती थांबावं लागेल?

मी यादी उघडली. "तुमच्या आधी चार घरं आहेत," मी म्हटलं. "किती दिवस, ते मला खरंच सांगता येणार नाही."

तिच्याकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली, "मग डॉक्टरांना विचारते, अजून ठेवता येतं का. नाहीतर भाड्याने बघते कुठे. बरं झालं, आईला अजून काही सांगितलं नव्हतं."